चौदाशेचा रोज

रंगकाम करणाऱ्या टोळीत तिला सगळे काकी म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. काकी पन्नाशीची, अंगाने सडपातळ, आणि जीभ अशी की पत्र्यावरचा जुना रंग निघावा. रंगाऱ्यांनी घाण करून ठेवलेल्या खोल्या पुसण्यापासून तिने सुरुवात केली होती. फरशीवरचे डाग खरवडता खरवडता ती भिंतीकडे बघायला शिकली. मग कुणाचा तरी माणूस आला नाही म्हणून तिच्या हातात पुट्टीची पात आली, ती परत गेलीच नाही. आता कामं ती स्वतःच्या नावावर घेत होती. तिला पाण्यात पाहणारे पुष्कळ होते, पण तिने पुट्टी भरलेल्या भिंतीवरून हात फिरवला की तेही गप्प बसत.

धाकट्या भावाला तिनेच या धंद्यात आणलं. काम करताना सारखी शीळ घालायचा, म्हणून टोळीने त्याचं नाव शिट्टी ठेवलं होतं. तिसरा गडी पैलवान. फुंकर मारली तर उडेल इतका किडकिडीत, म्हणून पैलवान. तो मोजकं बोलायचा, आणि बोलला की टोचायचा.

स्टेशनमागच्या तीन मजली लॉजचं काम काकीने उक्तं घेतलं. रंग, पुट्टी, घासायचा कागद सगळं मालकाचं, मजुरी सगळ्यांची मिळून चौऱ्याऐंशी हजार. तीस हजार आगाऊ, बाकीचे काम संपल्यावर. मॅनेजर टेबलावरचं कॅलक्युलेटर उगाच इकडेतिकडे सरकवत म्हणाला होता, "उक्तं म्हणजे उक्तं. नंतर रडत यायचं नाही."

"आम्ही रडत नाही. रडवतो," काकी म्हणाली, आणि पैसे मोजून घेतले.

टोळीची वाटणी तिच्याकडे एकाच पद्धतीने व्हायची. काम संपलं की सगळ्यांच्या हजेऱ्या एकत्र करायच्या, मजुरीला त्या आकड्याने भागायचं, येईल तो एका हजेरीचा भाव. ज्याच्या जितक्या हजेऱ्या, तितके त्याचे भाग. काकीचीही हजेरी तेवढीच, कामं आणते म्हणून जास्तीचा भाग ती घेत नसे. मधे लागले तर उचल मिळायची, ती शेवटी वजा. सगळ्यांना हे तोंडपाठ होतं. अंदाजही सगळ्यांनी मिळूनच बांधला होता: तिघं, वीस दिवस, म्हणजे साठ हजेऱ्या. रोज चौदाशेचा पडणार. त्या भागात इतका रोज कुणाला सुटत नव्हता, त्यामुळे पहिला आठवडा शिट्टीची शीळ तिन्ही मजल्यांवर ऐकू येत होती.

खरवडण्याचं काम म्हणजे नाकातोंडात चुना. आठव्या दिवसापर्यंत जुना रंग निघून भिंती उघड्या पडल्या, अर्ध्याहून जास्त खोल्यांत पुट्टीही झाली. त्या संध्याकाळी शिट्टीने पात धुतली, स्वतःच्या पिशवीत टाकली आणि म्हणाला, "ताई, मी उद्यापासून येत नाही."

काकी शिडीवर होती. ती खाली उतरली नाही. "कुठं निघालास?"

"गोदामाचं काम आहे नदीपलीकडे. मिशाच्या टोळीत. दीड महिना पक्कं."

"इथलं अर्धवट सोडून?"

"माझे आठ दिवस मी अर्धवट केलेत का? सकाळी आठला येऊन उभा असायचो. माझे पैसे दे."

"काम संपल्यावर. भाव शेवटी निघतो, तुला माहीत नाही का?"

"भाव चौदाशेचा आहे. तूच सांगितलास."

"तो अंदाज आहे. भाव नाही."

"मला अंदाजावर भाडं भरता येत नाही," शिट्टी म्हणाला. "घरमालक दारात बसलाय. बाकीच्यांना तू उचल देतेस, मला आठ दिवसांचे द्यायला तुझा जीव जातो. परका असतो तर दिले असतेस."

पैलवान कोपऱ्यात भिंतीवर कागद घासत होता. त्याने वर पाहिलं आणि परत खाली.

काकी उतरली. भाऊ तोंड वाकडं करून उभा होता, लहानपणी मार खायच्या आधी करायचा तसंच. तिला राग आला होता. पण भाड्याचं खरं होतं, तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "देते. पण ऐकून घे. चौदाशेने तुझे अकरा हजार दोनशे होतात. शेवटी भाव जास्त निघाला तर वरचे पैसे मी घरी आणून देईन. कमी निघाला तर तू परत आणून द्यायचे. कबूल?"

"कबूल."

"पैलवान, ऐकलंस?"

"कान आहेत मला," पैलवान म्हणाला.

शिट्टीने पैसे मोजले, दुसऱ्यांदा मोजले, आणि गेला. जाताना जिन्यात शीळ घातली. काकीला वाटलं, हा माणूस निदान तेवढी तरी गिळू शकला असता.

पुढचे पाच दिवस ती आणि पैलवान दोघंच. मॅनेजर रोज वर येऊन घड्याळ बघायचा. "दोन माणसांत लॉज रंगतो का, काकी? पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकं यायचीत." शेवटी तिने जावयाला बोलावलं. त्याचा कारखाना बंद पडला होता, तिथे तो लोखंडी कपाटांना रंग मारायचा. घरी बसून तो आणि लेक एकमेकांचं डोकं खात होते. चौदाव्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

जावई म्हणजे मानाचा माणूस. पण शिडीवर चढल्यावर मान कुठे ठेवायचा, हे कुणालाच कळेना. काकी त्याला "अहो जावईबापू, ब्रश धुवून ठेवा" असं म्हणायची, आणि तो "हो सासूबाई" म्हणून ब्रश तसाच टाकून जायचा. पैलवानाला त्याचा हा थाट बघवत नव्हता. "पाहुण्यांना गादी आणू का?" असं तो भिंतीला विचारायचा. पण रंगाचा हात मारण्यात जावई वाकबगार होता. त्याचा रोलर कुठे थांबला आणि कुठे सुरू झाला, ते शोधून सापडत नसे.

त्यालाही काकीने पहिल्याच दिवशी पद्धत सांगितली होती. तो "बरं" म्हणाला होता. माणूस बेकार असला की सगळ्यालाच बरं म्हणतो.

आणि मग नळ फुटला. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातला जुना नळ रात्रभर वाहत राहिला, सकाळी खालच्या दोन खोल्यांचं छत आणि बोळाची सगळी भिंत फुगून आली होती. पुट्टी पापुद्र्यांनी खाली पडत होती. प्रायमर मारून झालेली भिंत होती ती.

काकी तशीच खाली गेली. "नळ तुमचा. पाणी तुमचं. जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे द्या."

"पुट्टीच्या दोन पिशव्या देतो नव्या."

"पुट्टी काय आपोआप चढते भिंतीवर?"

"काकी, आपलं बोलणं काय झालं होतं?" मॅनेजर म्हणाला. "उद्या तुम्ही चार दिवस आधी संपवलं असतं, तर मी पैसे कापले असते का? नसते कापले. मग वाढले तर मी का द्यायचे?"

"नळ मी फोडला नाही."

"मीही नाही फोडला. जुना होता." त्याने काखा वर केल्या. "पटत नसेल तर इथवरचं काम मोजून हिशेब करू. बाकीचं मी दुसऱ्याकडून करून घेतो."

दुसरा आला की आधीच्याच्या कामाला नावं ठेवून निम्मे पैसे कापायला लावतो, हे काकीला चांगलं माहीत होतं. तिने मॅनेजरला त्याच्या तोंडावर दोन शब्द ऐकवले, जे ऐकून दारातला झाडूवाला आत येता येता थांबला, आणि ती वर जाऊन ओली पुट्टी खरवडू लागली. भिंत वाळायला पंखे लावले. परत प्रायमर, परत पुट्टी, परत घासणं. या सगळ्यात दहा हजेऱ्या जास्तीच्या गेल्या. काम संपलं तेव्हा पंचविसावा दिवस होता.

मॅनेजरने उरलेले पैसे दिले आणि दार लावून घेतलं. तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत, उलट्या डब्यांवर बसून, काकीने वाटणी मांडली. दिवसांबद्दल कुणाचं भांडण नव्हतं. काकीचे पंचवीस, पैलवानाचे पंचवीस, जावयाचे बारा, शिट्टीचे आठ. सत्तर हजेऱ्या. चौऱ्याऐंशी हजाराला सत्तरने भागलं, बाराशे.

"पैलवान, तुझे तीस हजार. उचल वजा करून बाकी हे घे. जावईबापू, तुमचे चौदा हजार चारशे."

पैलवानाने पैसे उचलले नाहीत. "शिट्टीला किती दिलेस?"

"तुझ्यासमोरच दिले की."

"चौदाशेने. मग मलाही चौदाशेने दे. त्याने आठ दिवस काम केलं आणि पळाला. मी शेवटपर्यंत राहिलो, वर दोनदा खरवडलं. पळणाऱ्याला चौदाशे, राहणाऱ्याला बाराशे. हा कुठला न्याय?"

जावई इतका वेळ नखातला रंग काढत होता. तो म्हणाला, "सासूबाई, बोलू नये, पण म्हणणं बरोबर आहे. एकाच कामावर दोन भाव कसे?"

"दोन भाव नाहीत. भाव एकच, बाराशे. त्याच्याकडे सोळाशे जास्त गेलेत, ते तो परत देणार आहे. कबूल केलंय."

"शिट्टी देणार?" पैलवान हसला. त्या हसण्यात हसू नव्हतं.

"तुला चौदाशेने पस्तीस हजार द्यायचे," काकीचा आवाज चढला, "जावईबापूंना सोळा हजार आठशे, त्याचे अकरा हजार दोनशे गेलेच आहेत. माझ्या हातात किती राहतात ते सांग. एकवीस हजार. पंचवीस दिवसांचे. म्हणजे मला रोज साडेआठशेसुद्धा नाही. मी काय या नळाखाली उभी राहून आंघोळ केली होती?"

"पैसे तू दिलेस. आम्हाला विचारून दिलेस का?"

"ते सोळाशे मी माझ्याच भागातून सोसलेत, दिसत नाही तुला? तुझ्या तीस हजारातला एक पैसा कमी केला नाही."

"दिसतंय," पैलवान म्हणाला. पैसे खिशात घालून तो उठला. "हेही दिसतंय की रक्ताचा रोज वेगळा असतो."

हे वाक्य काकीच्या जिव्हारी लागलं. मॅनेजरची अरेरावी तिने पचवली होती, जावयाचा इस्त्रीचा शर्ट पचवला होता. पण आजवर टोळीतल्या कुणी तिला वाटणीत दुजाभाव केलास असं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नदीपलीकडे गेली. गोदाम मोठं होतं, एका अंगाला परांची बांधलेली, तिच्यावर चौघं-पाचजण. शीळ ऐकूनच तिला भाऊ कुठे आहे ते कळलं. दुपारच्या सुट्टीत सगळे खाली उतरले. टोळीचा मुकादम, मिशा, डबा उघडून बसला होता.

"ताई, तू इथं?" शिट्टी म्हणाला.

"भाव बाराशेचा निघाला. सोळाशे परत दे."

"बाराशे कसा?"

तिने सांगितलं. नळ, छत, बोळ, दहा हजेऱ्या.

शिट्टीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नळ मी गेल्यावर फुटला."

"फुटला. मग?"

"मी होतो तेव्हा तुझ्या खोल्या कोरड्या होत्या. माझे आठ दिवस चोख होते. तुझ्या मॅनेजरने तुला फसवलं, त्याचा भुर्दंड मी का भरू? मी निघालो त्या दिवशी माझा हिशेब संपला."

परांचीखालचे दोघं-तिघं मान डोलवू लागले. एकजण म्हणालाही, "बाई, त्याचं चुकत नाही. गेलेल्या माणसाच्या माथी पुढचं पाणी कसं मारता?"

काकीला त्या म्हणण्यात खोट काढता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती म्हणाली, "नळ फुटलाच नसता, आणि काम पन्नास हजेऱ्यांतच उरकलं असतं, तर भाव सोळाशे ऐंशीचा निघाला असता. तेव्हा म्हणाला असतास का, की माझा हिशेब आठव्या दिवशी संपला? आला असतास पळत. आणि मी दिले असते. उक्त्या कामात पहिला दिवस आणि शेवटचा दिवस एकाच ताटात पडतो. म्हणून तर मी तुला विचारलं होतं, कबूल आहे का? तू काय म्हणालास?"

"तेव्हा मला पैसे हवे होते. तू काहीही कबूल करून घेतलं असतंस."

"म्हणजे खोटं कबूल केलंस."

"ताई, लोकांसमोर तमाशा करू नकोस."

"लोकांसमोरच करणार. घरी केला तर तुझी बायको दार लावते."

शिट्टी लाल झाला. "सोळाशेसाठी भावाच्या दारात, भावाच्या कामावर येतेस. लाज वाटत नाही?"

"सोळाशेसाठी नाही. पैलवानाने मला काय ऐकवलं ते तुला सांगितलं तर तुला लाज वाटेल. नाहीतर नाही वाटणार." मग ती मुकादमाकडे वळली. "तुमच्याकडेही उक्तं आहे का?"

मिशाने घास गिळला. "उक्तंच आहे."

"मग एवढं लक्षात ठेवा. हा मधेच जातो. गेला तर अंदाजाने पैसे देऊ नका. शेवटी भाव कमी निघाला तर तुमच्या खिशातले जातील."

एवढं बोलून ती निघाली. मागे शिट्टी काहीतरी ओरडला, तिने वळून पाहिलं नाही.

परिणाम तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर दिसला. मिशा सरळ माणूस होता, पण पैशाच्या बाबतीत भित्रा. दर शनिवारी तो आपल्या गड्यांना बऱ्यापैकी उचल द्यायचा. त्या शनिवारी शिट्टीला त्याने निम्मीच दिली. "बाकी शेवटी बघू," म्हणाला.

रविवारी सकाळी शिट्टी बहिणीच्या घरी आला. काकी उंबऱ्यात बसून ब्रश रॉकेलमध्ये धूत होती. आत लेक आणि जावई होते.

"माझ्या पोटावर मारलंस," तो म्हणाला. "सख्ख्या बहिणीने."

"खोटं काय सांगितलं?"

"खरं सांगायची जागा होती ती?"

"कबूल करायची जागा होती का, लॉजमध्ये?"

त्याने खिशातून नोटा काढल्या आणि तिच्यासमोर फेकल्या. दोन-तीन रॉकेलच्या डब्यात पडल्या. "घे. मला काही या पैशाने कमी पडणार नाही. आजपासून मला बहीण नाही, आणि आई आजारी पडली तरी माझ्याकडे माणूस धाडू नकोस. मला कळेल तेव्हा मी येईन."

लेक धावत बाहेर आली. "मामा, असं काय बोलता?"

"तुझ्या आईला विचार. ती हिशेबात पक्की आहे."

तो गेला. काकीने डब्यातल्या नोटा काढल्या, फडक्याने पुसल्या, दोरीवर चिमटा लावून टांगल्या. मग बाकीच्या गोळा केल्या. सोळाशे पुरे होते. जावई दारात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, सासूबाई आता रडतील. ती रडली नाही. ब्रश धुवायचे राहिले होते, ते तिने धुतले.

संध्याकाळी ती पैलवानाच्या खोलीवर गेली. तो बाहेर खाटेवर बसला होता. तिने सांगितलं, "शिट्टीने सोळाशे परत दिले. आता चौघांनाही बाराशेनेच मिळाले. रक्ताचा रोज वेगळा नाही."

पैलवानाने ऐकलं. "ते सोळाशे कुणाकडे गेले?"

"माझ्याकडे. माझ्याच भागात तूट होती."

"हां."

"हां म्हणजे?"

"म्हणजे हां," पैलवान म्हणाला. "हिशेब बरोबर आहे, काकी. तुझा हिशेब कधी चुकत नाही. पण मी पुढच्या कामाला येणार नाही. आधी शिट्टी होता, मी होतो, आपण तिघं होतो. आता जावईबापूंच्या हाताखाली ब्रश धुवायचे का मी?"

"मी तुला कधी धुवायला सांगितले?"

"तू नाही सांगितलंस. तो तसेच टाकतो, आणि मग ते वाळून जाऊ नयेत म्हणून मीच धुतो."

हे काकीला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सांगायचं होतंस."

"तुला सांगून कोण ओरडा खाणार?"

ती घरी आली आणि पहिल्यांदा जावयाला अहो न म्हणता सरळ सुनावलं, "ज्याचा ब्रश त्याने धुवायचा." जावई दोन दिवस बोलला नाही. लेक चार दिवस.

पुढचं काम मिळालं तेव्हा तिच्याबरोबर जावई होता आणि दोन नवे गडी. एक नवरा-बायको, दोघंही कामाला तयार. काकीने भिंतीला हात लावायच्या आधी त्यांना उभं करून नियम सांगितला. "उक्तं आहे. भाव शेवटी. मधे सोडून जाणाऱ्याला त्या दिवशी अंदाजाच्या निम्मेच मिळतील, बाकीचे काम संपल्यावर. जास्त निघाला तर जास्त, कमी निघाला तर कमी. आणि कामात काही बिघडलं, कुणाचीही चूक नसताना, तर ते सगळ्यांच्या हजेऱ्यांवर पडेल, आलेल्याच्याही आणि गेलेल्याच्याही. नको असेल तर आत्ताच सांगा."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "आणि आमच्या घरात कुणी मेलं, मग जावं लागलं तर?"

"तरी निम्मेच."

"फार कडक आहात."

"हो," काकी म्हणाली.

ते राहिले. गरज होती. पण पहिल्या दिवसापासून ती खोलीत आली की दोघांचं बोलणं बंद पडायचं, आणि जेवायला ते दुसऱ्या खोलीत बसायचे. काकी एकटी खिडकीशी बसून डबा खायची. जावई कधी तिच्याकडे बसे, कधी त्यांच्याकडे, आणि दोन्हीकडे अवघडून.

आई त्या वर्षी आजारी पडली नाही, त्यामुळे माणूस धाडायची वेळ आली नाही. शिट्टी गोदामाचं काम संपेपर्यंत मिशाकडेच राहिला. शेवटी त्याला पूर्ण पैसे मिळाले, असं तिच्या कानावर आलं.

एकदा रंगाच्या दुकानात दोघं समोरासमोर आले. ती पुट्टीच्या पिशव्या घ्यायला गेली होती, तो रोलर बदलायला. दुकानदाराला दोघांचं नातं माहीत होतं, भांडण माहीत नव्हतं. "या, भाऊ-बहीण एकदम," तो म्हणाला. "कुणाचं आधी करू?"

शिट्टीने फळीवरचे रोलर बघता बघता म्हटलं, "त्या बाईंचं आधी करा. त्यांना घाई असते."

काकीने चार पिशव्यांचा भाव विचारला. दुकानदाराने सांगितला. तिने नेहमीसारखी घासाघीस केली, एक पिशवी फाटकी निघाली ती बदलून मागितली, आणि पैसे देऊन बाहेर हातगाडीवाल्याची वाट बघत उभी राहिली. भाऊ तिच्या अगदी शेजारून बाहेर पडला, आणि रस्ता ओलांडून गेला. शीळ घालत नव्हता.